डोंबिवलीचा फ्लॅट विकला, नाशिकच्या फ्लॅटचा ताबा २०२७ अखेर: भांडवली नफ्याच्या मुदती कशा सांभाळायच्या?

गोदाकाठ · १० जानेवारी २०२६, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आईबाबांच्या घराबद्दल विचारायचंय. दोघंही निवृत्त शिक्षक. डोंबिवलीचा फ्लॅट त्यांनी २००९ च्या डिसेंबरात घेतला. मुद्रांक, नोंदणी सगळं धरून २५ लाख पडले. कर्ज दोघांच्या नावावर होतं आणि हप्तेही दोघांनी निम्मे-निम्मे फेडले. आता दोघांनाही नाशिकला, आमच्या जवळ यायचंय.

फ्लॅट ९५ लाखांना गेला. अ‍ॅग्रीमेंटची नोंदणी १८ सप्टेंबर २०२५ ला झाली. घेणाऱ्याचं गृहकर्ज अडकल्यामुळे उरलेले पैसे यायला आणि किल्ल्या द्यायला ६ नोव्हेंबर उजाडला. दलालीचे एक लाख गेले, ते चेकने दिले.

नाशिकला एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट बघितलाय. जीएसटी, मुद्रांक वगैरे सगळं मिळून ५८ लाख. बिल्डर ताबा डिसेंबर २०२७ म्हणतो, पैसे स्लॅबप्रमाणे द्यायचे. काका म्हणतात, विकून आलेले सगळे ९५ लाख नव्या घरात घातले नाहीत तर कर लागेल. बाबांना या बोलण्याने झोप लागत नाहीये. आमच्याकडे नेमका किती वेळ आहे आणि किती पैसे गुंतवायला हवेत?

शेखर ठाणेकर · १० जानेवारी, रात्री १०:१५

काळजी करू नका. घर विकून घर घ्यायला दोन वर्षं मिळतात, बांधायला तीन. मी २०१६ साली हेच केलंय. आणि मुदत पैसे हातात आल्यापासून मोजायची, म्हणजे तुमची ६ नोव्हेंबरपासून. तोपर्यंत पैसे एफडीत ठेवा, व्याज खा. नफा जास्त वाटला तर एनएचएआयचे बाँड घेऊन टाका, विषय संपला.

हिशेबनीस · ११ जानेवारी, सकाळी ७:५०

शेखरराव, दोन आणि तीन वर्षं बरोबर आहेत. पण एफडीत ठेवून निवांत बसा हा सल्ला या कुटुंबाला महागात पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बत्तीस वर्षं लोकांची विवरणपत्रं भरली, त्यात घर विकणाऱ्यांचा सर्वांत जास्त घोटाळा याच जागी झालेला पाहिला.

आधी काकांचं बोलणं. आईबाबांनी राहतं घर विकून राहतं घरच घ्यायचं ठरवलंय, तेव्हा कलम ५४ लागू होतं. त्यात नफा गुंतवायचा असतो, विक्रीची सगळी रक्कम नाही. ९५ मधून दलाली गेली, राहिले ९४. त्यातून मूळ २५ वजा केले की नफा ६९ लाख. म्हणजे २५ लाख आईबाबा कुठेही ठेवू शकतात. बाबांना एवढं आजच सांगा.

आता तारखा. तुम्हाला एक मुदत नाही, तीन आहेत, आणि सगळ्यांत लांबची तेवढी लोकांच्या लक्षात राहते.

पहिली सहा महिन्यांची, ती बाँडची. दुसरी ३१ जुलै २०२६, म्हणजे या आर्थिक वर्षाचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख. तिसरी नव्या घराची: तयार घर घेतलं तर विक्रीपासून दोन वर्षं, बांधकाम असेल तर तीन.

फसगत होते ती मधल्या तारखेला. ३१ जुलैपर्यंत नफ्यातला जो भाग घरात गेलेला नाही, तो त्याआधी बँकेच्या भांडवली नफा खात्यात पडला पाहिजे. साधी एफडी, बचत खातं, म्युच्युअल फंड यातलं काहीही चालत नाही. पैसे जागच्या जागी आहेत, दीड वर्षाने घरही झालं, सगळे पुरावे आहेत, तरी ते खातं उघडलं नाही म्हणून सवलत गेली अशी माणसं मी पाहिली आहेत. काही राज्यांतल्या उच्च न्यायालयांनी याबाबत करदात्याला सांभाळून घेतलंय. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ च्या निकालात नियम अक्षरशः लावला, आणि आपण त्याच न्यायालयाच्या हद्दीत येतो.

आणि एनएचएआय आता हे बाँड काढत नाही. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी आणि गेल्या वर्षापासून हुडको, यांच्याकडे बघा.

गोदाकाठ · ११ जानेवारी, सकाळी ९:०५

मनापासून आभार. बाबांना फोनवर तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. २५ लाख मोकळे आहेत म्हटल्यावर आवाज बदलला त्यांचा.

पण मोजायचं कुठून, १८ सप्टेंबर की ६ नोव्हेंबर?

हिशेबनीस · ११ जानेवारी, दुपारी १:३०

याचं एकच पक्कं उत्तर देता येत नाही. आपल्याकडे जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात बहुतेक वेळा एकच दस्त होतो. ‘अ‍ॅग्रीमेंट फॉर सेल’ पूर्ण मुद्रांक भरून नोंदवायचं आणि पैसे पुरे झाले की ताबा पावती करून किल्ल्या द्यायच्या. मग हस्तांतर नोंदणीच्या दिवशी झालं की ताब्याच्या, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. तुमच्या दस्तात ‘ताबा पूर्ण रक्कम मिळाल्यावर’ असं कलम असेल तर नोव्हेंबरच्या बाजूने मुद्दा चांगला बनतो.

पण जिथे सात आठवड्यांसाठी भांडण ओढवून घ्यायची गरज नाही तिथे आधीची तारीख धरावी. १८ सप्टेंबरपासून मोजा. बाँडसाठी १७ मार्च २०२६, तयार घरासाठी १७ सप्टेंबर २०२७, बांधकामासाठी १७ सप्टेंबर २०२८. दोन्ही तारखा एकाच आर्थिक वर्षात असल्यामुळे ३१ जुलै २०२६ ही मात्र कशीही मोजली तरी तीच राहते.

पैसे हातात कधी आले याने काही ठरत नाही. घेणाऱ्याने पाच लाख अजून दिले नसते तरी घड्याळ चालूच राहिलं असतं.

दापोलीची माई · ११ जानेवारी, दुपारी ४:१०

गोदाकाठ, त्या खात्याबद्दल मी सांगते, कारण मी ते तीन वर्षं वापरलंय. हे गेल्यावर पुण्याचा फ्लॅट विकला आणि दापोलीला सासऱ्यांच्या जुन्या घराशेजारी जागा घेऊन घर बांधलं. जागेची किंमतही धरली जाते, फक्त बांधकामाची नाही, हे मला आमच्या सीएंनी सांगितलं म्हणून कळलं.

मी खातं उघडायला २४ जुलैला बाहेर पडले. गावच्या शाखेत म्हणाले, ग्रामीण शाखेत ही खाती उघडत नाहीत. मोठ्या गावातल्या शाखेत गेले तर काउंटरवरच्या मुलीने हे नावच ऐकलं नव्हतं. ती मला नेहमीचं बचत खातं उघडून देत होती! मी तसं केलं असतं तर? शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्य शाखेत एका वयस्क अधिकाऱ्याने कपाटातून फॉर्म ‘ए’ काढून दिला. पैसे जमा झाले ३० जुलैला दुपारी. ते सात दिवस मला नीट जेवण गेलं नाही. तुम्ही जूनमध्येच जा. पासबुकावर योजनेचं नाव छापलंय की नाही ते तिथेच उभं राहून बघा.

पैसे काढायची पद्धतही ठाऊक असू द्या. पहिल्यांदा फॉर्म ‘सी’. दुसऱ्या वेळेपासून फॉर्म ‘डी’, त्यात आधी काढलेले पैसे कुठे गेले ते लिहायचं. काढलेली रक्कम साठ दिवसांत खर्च व्हायला हवी, उरली तर लगेच परत त्याच खात्यात. पंचवीस हजारांच्या वर असेल तर ज्याला द्यायची त्याच्याच नावाचा डिमांड ड्राफ्ट निघतो. माझ्या गवंड्याला दर शनिवारी मजुरी रोख लागायची. ती मी पेन्शनमधून दिली आणि खात्यातले पैसे सिमेंटवाल्याला, चिरेवाल्याला, सुताराला ड्राफ्टने दिले. एक दोनशे पानी वही केली होती. डाव्या पानावर बिल चिकटवायचं, उजव्या पानावर ड्राफ्टचा नंबर आणि तारीख. पुढे आयकराची नोटीस आली तेव्हा त्या वहीचे फोटो जोडले आणि काम झालं.

तात्या कोरेगाव · ११ जानेवारी, सायं. ७:२५

माझाही असाच विषय आहे. सातारा रस्त्याला बिगरशेती प्लॉट होता, तो ऑगस्टमध्ये ४० लाखाला विकला. घेतला होता ६ लाखाला. वरचं वाचून समजलं की नफाच घालायचा, म्हणजे ३४ लाखाचं घर घेतलं की काम झालं. बरोबर ना?

हिशेबनीस · ११ जानेवारी, रात्री ८:००

नाही तात्या, थांबा. तुम्ही घर नाही, प्लॉट विकलाय. तुम्हाला ५४एफ लागतं आणि काका म्हणत होते तो नियम तिथला आहे: खर्च वजा जाता आलेली सगळी रक्कम घरात जायला हवी. ४० पैकी ३४ च घातले तर सवलतही त्याच प्रमाणात, म्हणजे नफ्याच्या ८५ टक्क्यांवर. शिवाय विकलं त्या दिवशी तुमच्या नावावर एकाहून जास्त राहती घरं असतील तर ५४एफ मिळतच नाही. गावचं वाटणीत आलेलं घरही त्यात मोजलं जाऊ शकतं. नवीन धागा काढा, तिथे बोलू. फक्त एक लक्षात ठेवा, बाँडचा रस्ता तुम्हालाही मोकळा आहे, जमीन विकली तरी तो चालतो. आणि तुमचे सहा महिने फेब्रुवारीत संपतात.

तात्या कोरेगाव · ११ जानेवारी, रात्री ८:२०

बापरे. माझ्या आणि भावाच्या नावावर गावचं घर आहे आणि कोरेगावला माझा फ्लॅट आहे. उद्याच कागद काढतो. धन्यवाद साहेब.

शेखर ठाणेकर · ११ जानेवारी, रात्री ९:३०

जुलैच्या खात्याचं मला खरंच माहीत नव्हतं. मी २०१६ मध्ये एप्रिलात विकलं आणि जूनमध्ये तयार घर घेतलं, त्यामुळे माझ्यावर ती वेळ आली नाही. बरं झालं हिशेबनीस बोलले.

एक सुचवू का? नाशिकचा फ्लॅट थेट तुमच्या, म्हणजे मुलाच्या नावाने घ्या. पुढे वारसाची भानगड नको. पैसे आईबाबांचेच आहेत म्हटल्यावर सवलत मिळणारच.

अनुजा के. · ११ जानेवारी, रात्री १०:४५

शेखरदादा, हे करू नका असं कळकळीने सांगते. मी करविषयक वकिली करते. दत्तक मुलाच्या नावाने घेतलेल्या घराला सवलत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल आहे. दिल्लीकडे पत्नीच्या नावाने घेतलेल्या घराबाबत उदार निकाल आहेत, पण आपल्याकडे त्याचा आधार घेणं धोक्याचं. गोदाकाठ, करार आईबाबा दोघांच्याच नावाने करा. वारसासाठी मृत्युपत्र आहेच.

दुसरं म्हणजे बांधकाम चालू असलेला फ्लॅट बुक करणं हे ‘खरेदी’ की ‘बांधकाम’, यावर अधूनमधून वाद होतो. बहुतेक निकाल बांधकाम धरतात, म्हणजे तीन वर्षं. तुमचा करार या वर्षीच नोंदवला जाणार असल्यामुळे कोणी खरेदी म्हटलं तरी दोन वर्षांच्या आत बसता. तेव्हा नुसत्या अ‍ॅलॉटमेंट लेटरवर थांबू नका, करार नोंदवून घ्या.

ताब्याची तारीख मात्र बिल्डरच्या तोंडून ऐकू नका. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा आणि तिथे पूर्णत्वाची कोणती तारीख टाकलीय ते बघा.

गोदाकाठ · १२ जानेवारी, सकाळी ८:१५

बघितलं. महारेरावर ३० जून २०२८ लिहिलंय! डिसेंबर २०२७ कुठेच नाही. म्हणजे १७ सप्टेंबर २०२८ च्या आधी जेमतेम अडीच महिने हाताशी. सात मजल्यांच्या इमारतीचा चौथा स्लॅब काल पडला, मी स्वतः जाऊन पाहून आलो. पण उशीर झाला तर?

अनुजा के. · १२ जानेवारी, सकाळी ११:००

बिल्डरच्या दिरंगाईमुळे ताबा लांबला आणि करदात्याने पैसे मुदतीत भरलेले होते, अशा प्रकरणांत न्यायाधिकरणांनी बऱ्याचदा करदात्याची बाजू घेतली आहे. म्हणून तुमच्या हातात काय आहे ते बघा. ताबा तुमच्या हातात नाही, पैसे भरणं आहे. १७ सप्टेंबर २०२८ ला भांडवली नफा खात्यात जे उरेल त्यावर त्या वर्षात कर लागणार, यात वाद नाही. शेवटचा हप्ता ताब्यावर अवलंबून असेल आणि तो अडकून पडणार असं २०२८ च्या जुलैत दिसलं, तर बिल्डरशी पत्रव्यवहार करून तो मुदतीआधी देण्याचा विचार करा. अर्थात अपुऱ्या इमारतीला पूर्ण पैसे देणं ही वेगळी जोखीम आहे. ती घ्यायची की नाही हे इमारत बघून तुम्हीच ठरवायचं.

दापोलीची माई · १२ जानेवारी, दुपारी १२:३०

माझे शेवटी दोन लाख चाळीस हजार उरले होते, कारण विहिरीचं काम तीन वर्षांत झालं नाही. त्यावर कर भरला. खातं बंद करायला फॉर्म ‘जी’ लागतो आणि त्यावर आयकर अधिकाऱ्याची मंजुरी. त्यातच दोन महिने गेले. खातं उघडतानाच वारस नोंदवायला विसरू नका. आम्ही म्हातारी माणसं, आधी सांगून ठेवलेलं बरं.

हिशेबनीस · १२ जानेवारी, रात्री ९:१०

आता सगळा हिशेब एकत्र मांडतो. दोघांचा हिस्सा निम्मा आहे आणि हप्तेही दोघांनी फेडलेत, म्हणून नफा दोघांत साडेचौतीस-साडेचौतीस लाख. वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो, बायकोचं नाव नुसतं सोयीसाठी दस्तावर असेल आणि पैसे सगळे नवऱ्याचे असतील, तर नफा सगळा नवऱ्याचा धरला जातो. इथे तसं नाही.

घर ५८ लाखांचं. नफा ६९. उरले ११ लाख. हे ११ लाख बाँडमध्ये घातले की नफा पूर्ण झाकला जातो. आईचे साडेपाच, बाबांचे साडेपाच, अर्ज वेगवेगळे. बाँडची मर्यादा प्रत्येकी पन्नास लाख आहे, तिचा इथे प्रश्नच नाही.

३१ जुलैपर्यंत बिल्डरला समजा २० लाख गेले, तर उरलेले ३८ लाख खात्यात: आईच्या खात्यात १९, बाबांच्या खात्यात १९. दोन वेगळी खाती. बचत पद्धतीचं ‘ए’ खातं घ्या, कारण स्लॅब कधी पडेल सांगता येत नाही आणि मुदतठेवीचं ‘बी’ खातं मोडलं की व्याज कापतात. पुढच्या दीड वर्षात लागणार नाही एवढाच भाग ‘बी’ मध्ये ठेवा.

आता त्या ११ लाखांबद्दल एक गोष्ट, जी मला स्वतःला अजून छळते.

२३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयांना दोन पद्धतींनी कर काढून कमी असेल तो भरता येतो. पहिली पद्धत: ६९ लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे ८ लाख ६२ हजार. दुसरी जुनी पद्धत: महागाई निर्देशांक लावून. २००९-१० चा निर्देशांक १४८, यंदाचा ३७६. २५ लाखांचे होतात साधारण साडेत्रेसष्ट लाख. नफा उरतो साडेतीस लाख, त्यावर वीस टक्के म्हणजे ६ लाख १० हजार. उपकर वेगळा. काहीच गुंतवलं नसतं तर सहा लाख दहा हजारवाली पद्धत घेतली असती.

पण आपण ५८ लाखांचं घर घेतोय. जुन्या पद्धतीने नफाच साडेतीस लाख, तो घरातच जिरतो, कर शून्य. कायद्याचे शब्द असे आहेत की नव्या पद्धतीचा कर जुन्या पद्धतीच्या करापेक्षा जास्त निघाला तर तो जास्तीचा भाग सोडून द्यायचा. माझ्या वाचनाप्रमाणे मग ११ लाखांवर कर लागायला नको आणि बाँडही नकोत. माझ्या ओळखीचे दोन सीए मात्र म्हणतात की सवलत मोजताना नफा निर्देशांकाशिवायचाच धरायचा आणि उरलेल्या ११ वर साडेबारा टक्के भरायचे.

गोदाकाठ · १२ जानेवारी, रात्री १०:०५

म्हणजे आम्ही बाँड घ्यायचे की नाही?

हिशेबनीस · १३ जानेवारी, सकाळी ७:१५

रात्री कागदावर मांडून बघितलं. ११ लाखांवर कर लागलाच तर उपकरासह १ लाख ४३ हजार. बाँडवर व्याज सव्वापाच टक्के, पाच वर्षं हात लावता येत नाही, आणि व्याज करपात्र. तेच पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर आज ८.२ टक्के, तेही पाच वर्षं.

बाँड घेतले तर पाच वर्षांनी मुद्दल आणि व्याज मिळून १३ लाख ८९ हजार. बाँड न घेता कर भरावा लागला, तर उरलेल्या ९ लाख ५७ हजारांचे ज्येष्ठ नागरिक योजनेत १३ लाख ४९ हजार. फरक चाळीस हजारांचा, बाँडच्या बाजूने. आणि माझं वाचन बरोबर ठरलं, कर लागलाच नाही, तर योजनेतले ११ लाख १५ लाख ५१ हजार होतात. म्हणजे बाँड घेणं एक लाख बासष्ट हजारांना पडलं.

हे आईबाबांच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत जागा असेल तरच. प्रत्येकी तीस लाखांची मर्यादा आहे. निवृत्तीच्या पैशांनी ती भरली असेल तर साध्या एफडीचा दर घालून पुन्हा मांडा, फरक बराच आटेल.

समीर, न्यू जर्सी · १३ जानेवारी, सकाळी ९:४०

माझा विलेपार्ल्याचा फ्लॅट विकायचा आहे म्हणून हा धागा शब्द न शब्द वाचतोय. तो निर्देशांकाचा पर्याय आम्हालाही आहे ना?

हिशेबनीस · १३ जानेवारी, सकाळी १०:२०

नाही समीर, तो फक्त निवासी भारतीयांना आहे. अनिवासींना सरळ साडेबारा टक्के. कलम ५४ आणि बाँड मात्र तुम्हालाही मिळतात, पण नवं घर भारतातच हवं, न्यू जर्सीतलं चालणार नाही. आणि घेणारा तुमचा टीडीएस एक टक्का नाही कापणार, खूप मोठा कापेल. विक्रीच्या आधीच आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र काढा. याला आठवडे लागतात.

समीर, न्यू जर्सी · १३ जानेवारी, सकाळी १०:३५

हे आधी कळलं ते फार बरं झालं. मार्चमध्ये येतोय, तेव्हा प्रमाणपत्राचं काम आधी करेन.

शेखर ठाणेकर · १३ जानेवारी, दुपारी २:००

मी एक वेगळं म्हणू का? ११ लाख बाँडमध्ये अडकवण्यापेक्षा नाशिकच्या फ्लॅटला मॉड्युलर किचन, कपाटं, एसी करून घ्या. ते घराच्याच खर्चात दाखवा. ५८ चे ६९ होतील.

अनुजा के. · १३ जानेवारी, दुपारी ३:१५

घर राहण्याजोगं करायला लागणारा खर्च, म्हणजे फरशी, नळ, वायरिंग, काही निकालांत धरला गेलाय. सोफा, एसी, कपाटं धरली जात नाहीत. ११ लाखांचं फर्निचर करून ते घर म्हणून दाखवलं तर अधिकारी पहिलं बिल मागेल तिथेच अडकाल. आईबाबांना कपाटं हवीत तर त्या मोकळ्या २५ लाखांतून जरूर करा.

बाँड घ्यायचे ठरले तर १७ मार्चची वाट बघत बसू नका. आठवडाभर आधी अर्ज आणि पैसे दोन्ही जायला हवेत. डिमॅट किंवा पॅनमधल्या नावाचं एक अक्षर वेगळं असलं तरी अर्ज परत येतो. आईंच्या पॅनवर माहेरचं नाव नाही ना, तेवढं तपासा. आणि या बाँडवर कर्ज काढू नका, काढलं की सवलत जाते.

दापोलीची माई · १३ जानेवारी, सायं. ५:४०

नवं घर मिळाल्यावर तीन वर्षं विकायचं नाही, नाहीतर वाचवलेला नफा परत वर येतो, हेही त्यांना सांगा. तसं कोण विकतंय म्हणा. पण आमच्या शेजारच्या काकांनी करमत नाही म्हणून दोन वर्षांत विकलं आणि मग धावपळ झाली.

गोदाकाठ · १७ जानेवारी, रात्री ९:२०

आज दिवसभर याच कामात होतो. कळवतो.

बिल्डरच्या कार्यालयात बसून कराराचा मसुदा वाचला. ताब्याची तारीख तिथेही ३० जून २०२८ च आहे. खरेदीदार म्हणून पहिलं नाव आईचं, दुसरं बाबांचं. माझं नाव कुठेही नाही. २९ जानेवारीला नोंदणी.

नंतर नाशिकच्या दोन बँकांत गेलो. पहिल्या शाखेत माईंना आला तोच अनुभव, ‘असं काही खातं नसतं’. दुसऱ्या शाखेतल्या अधिकाऱ्यांनी स्वतःहून सांगितलं की नोव्हेंबरात नियम सुधारलेत, आता खात्यात आरटीजीएस आणि नेटबँकिंगनेही पैसे भरता येतात, काही खासगी बँकांनाही परवानगी मिळाली आहे. दोघांचे फॉर्म ‘ए’ घेऊन आलोय. आईच्या पॅनवर खरंच माहेरचं आडनाव निघालं. दुरुस्तीचा अर्ज आजच ऑनलाइन भरला, कारण बँकेचं आणि बाँडचं दोन्ही काम त्यावर अडेल.

११ लाखांचं अजून ठरलेलं नाही. दोघांच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत मिळून चौदा लाखांची जागा आहे, म्हणजे हिशेबनीस साहेबांचं गणित आम्हाला लागू पडतं. आई म्हणते, पैसे योजनेत ठेवू, कर लागलाच तर भरू. बाबा म्हणतात, चाळीस वर्षांत कधी नोटीस आली नाही, आता नको, बाँडच घ्या. आमचे सीए फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लेखी मत देतो म्हणालेत. ते आलं की इथे टाकतो.

हिशेबनीस · १७ जानेवारी, रात्री ९:५५

लेखी मत मागितलंत हे फार चांगलं केलंत. त्यात त्यांना एवढं विचारा: सवलत जुन्या पद्धतीच्या नफ्यातून वजा करून मगच दोन्ही करांची तुलना करायची की नाही? उत्तर हो असेल तर कारणासकट हो लिहून द्या म्हणावं, नाही असेल तर तेही कारणासकट.

आणि पॅनची दुरुस्ती मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत झाली नाही, तर बाबांच्या हिश्शाचे साडेपाच लाख तरी वेळेत जाऊ द्या. आईंसाठी थांबून दोघांचेही हुकवू नका.